चौथी ओळ पडद्यावर येण्याआधी

सेमिनार दुपारी तीनला होता आणि सकाळी साडेनऊला तिच्या बेचाळीस स्लाइड माझ्या मशीनवर येऊन पडल्या.

"काका, एवढं आज बीमरमध्ये करून द्या. विभागाचा नवा नियम आहे म्हणे, सगळ्यांचं एकसारखं दिसायला हवं."

"नियम काल निघाला का?"

"तीन महिने झाले. मी आज वाचला."

ही आमची संशोधक विद्यार्थिनी. मी तिला डॉक्टरीणबाई म्हणतो, अजून डॉक्टर व्हायची आहे तरी. प्रबंध दाखल करण्याआधीचं हे शेवटचं व्याख्यान. ते पार पडलं की सोमवारी प्रबंध दाखल, आणि दूरच्या एका संस्थेत नोकरी ठरलेली. सहा वर्षांचं काम एका प्रमेयावर उभं होतं, हे विभागातल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

मी गणित विभागात टंकलेखन करतो. गणित मला येत नाही. वाचायला शिकलो तेच चोविसाव्या वर्षी, छापखान्यात. त्यामुळे ओळ वाचायची ती बोट ठेवून, एकीमागून एक, ही सवय काही सुटली नाही.

तिच्या जुन्या स्लाइड म्हणजे रंगांची जत्रा. एक प्रमेय जांभळ्या चौकटीत, दुसरं निळ्या, व्याख्येला कधी चौकट आहे, कधी नाही. आकडे हातानं घातलेले, म्हणून प्रमेय तीन दोनदा आलेलं.

"ह्या जांभळ्या चौकटीत काय आहे?" मी विचारलं.

"प्रमेय."

"आणि ही जांभळीच, पण तिरपी अक्षरं?"

"ते उदाहरण. त्या दिवशी मला निळा रंग सापडला नाही हो."

बीमर म्हणजे गणितवाल्यांची स्लाइड बनवायची प्रणाली. तिच्यात असले लाड चालत नाहीत. ही चौकट प्रमेय आहे, व्याख्या आहे की उदाहरण, हे आधी सांगावं लागतं. मग रंग, अक्षर, आकडा सगळं ते स्वतः लावतं, आणि बेचाळीस फ्रेममध्ये, म्हणजे स्लाइडमध्ये, एकसारखंच लावतं. साडेअकरापर्यंत चौकटी झाल्या. प्रमेयं एक ते सात, ओळीनं. ती खुर्चीच्या पाठीला रेलून बघत होती, खूश होती.

मग आम्ही मुख्य फ्रेमवर आलो. प्रमेय दोनची, म्हणजे ज्यावर सगळं उभं होतं त्याची सिद्धता, पाच ओळींची. जुन्या स्लाइडवर पाचही ओळी एकदम दिसायच्या. आता त्या एकेक करून उघडायच्या होत्या. ओळीपुढे कोनी कंसात आकडा घातला की ती त्या टप्प्यापासून पुढे दिसत राहते. तोवर लपून जागा धरून बसते, म्हणून वरच्या ओळी उड्या मारत नाहीत. हातानं लिहिलेले संदर्भही मी काढले. प्रत्येक ओळीला खूण बांधली, म्हणजे क्रमांक आपोआप यावेत.

फाइल चालवली. पहिला टप्पा, पहिली ओळ. बटण दाबलं. दुसरी ओळ आली:

"(४) नुसार क्रमिका परिबद्ध आहे, म्हणून तिच्यातून अभिसारी उपक्रमिका निवडता येते."

शब्दांचा अर्थ मला कळला नाही, आकडा कळला. मी बोट पडद्यावर ठेवलं. "बाई, चौथी ओळ अजून आलीच नाही."

"तुमचा आकडा चुकला असेल."

"आकडा मी घातलेला नाही. मशीननं खुणेवरून काढलाय. तुमच्या जुन्या स्लाइडवरही चारच होता."

ती हसली. "मग चौथीला आधी आणा. दुसऱ्या टप्प्यावर ती, तिसऱ्यावर ही."

मी आकडे बदलले, पुन्हा चालवलं. आता पहिल्या ओळीनंतर थेट चौथी उघडली:

"(३) मधील सीमेपासूनचे अंतर प्रत्येक पायरीला घटते, म्हणून क्रमिका परिबद्ध आहे."

"आता तिसरी नाही," मी म्हणालो. "तिसरी आणू का वर?"

मी तिसरी वर आणली. तिसरी म्हणत होती, (२) मधल्या उपक्रमिकेची सीमा घेऊ.

दुसरीला चौथी हवी. चौथीला तिसरी हवी. तिसरीला दुसरी. मी आकडे कसेही फिरवले तरी कोणती ना कोणती ओळ न आलेल्या ओळीचं नाव घेत होती.

मला वाटलं, माझंच कुठेतरी चुकतंय. तसं म्हणायला मान वळवली आणि तिचा चेहरा बघून थांबलो. ओठ पांढरे पडले होते. हात माउसवर होता, पण तो हलत नव्हता.

"काका, सरांना बोलवा."

तिचे मार्गदर्शक आले ते घाईतच, चष्मा कपाळावर. "काय, फॉन्ट बिघडला?"

तिनं नुसतं बटण दाबलं. एक. दोन. सरांनी चष्मा खाली घेतला.

"मागे जा," ते म्हणाले. ती मागे गेली. "पुढे." पुढे गेली. "परत मागे." असं चार वेळा झालं.

"प्रत्येक ओळ बरोबर आहे," सर म्हणाले. आवाज त्यांचा वाटेना. "मी एकेका ओळीवर टिक केली होती. चार वेळा."

"कागदावर पाचही समोर असतात, सर," ती म्हणाली. "डोळा खाली जाऊन परत वर येतो, कळत नाही."

"गृहीतक घाल," सर म्हणाले. "उत्तर अस्तित्वात असेल तर, असं म्हण. मग त्या उत्तरापासूनचं अंतर घटतं, आणि परिबद्धता फुकट मिळते."

"मग ते सगळ्यांना माहीत असलेलंच झालं. उत्तर आहे की नाही माहीत नसताना त्याच्यापर्यंत पोचतो, हाच तर आपला दावा होता."

सर स्टुलावर बसले, आणि ते स्टूल प्रिंटरचं आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "सेमिनार पुढे ढकलू. तब्येतीचं सांगू."

"कोणाच्या? तुमच्या की माझ्या?"

घड्याळात सव्वाबारा झाले होते. ती माझ्याकडे वळली.

"काका, अटकळ म्हणून नवा प्रकार बनवता येईल? प्रमेयासारखाच, पण सिद्ध न झालेल्या विधानासाठी, आणि त्याचा क्रमांक वेगळा."

"एका ओळीचं काम आहे."

"प्रमेय दोन काढा. त्याच्या जागी अटकळ एक लिहा: ही क्रमिका नेहमी परिबद्ध असते."

"आणि दोनवर टेकलेली प्रमेयं?"

"ती कोणती ते मी सांगते." तिनं बोटं मोजली. चार निघाली. "त्यांच्या मथळ्यापुढे कंसात लिहा, अटकळ एक खरी असल्यास."

सर उठून उभे राहिले. "सोमवारी मग दाखल काय करणार तू? ती नोकरी?"

"माहीत नाही, सर," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "तुम्ही चालू ठेवा, काका."

मी फाइल चालवली. जुनं दोन गेल्यामुळे पुढचे सगळे आकडे आपोआप एकेक घर खाली सरकले. सातांची सहा प्रमेयं राहिली, आणि त्यातली चार अटीवर.

तीन वाजता दालन भरलेलं होतं. मी मागच्या दाराशी उभा होतो. तिनं पहिलं प्रमेय सांगितलं, पसंतीचे एकदोन हुंकार आले. मग ती फ्रेम उघडली. वर अटकळ, खाली फसलेली सिद्धता, ती तिनं मुद्दाम तशीच ठेवायला सांगितली होती. एक ओळ. दुसरी ओळ. ती थांबली.

तिसऱ्या रांगेतून एक प्राध्यापक म्हणाले, "पण ते चौथं कुठंय?" हे व्याख्यान त्यांनी आधी दोनदा ऐकलेलं होतं.

तिनं बटण दाबत पाचही ओळी उघडल्या, मग लेझरनं चारवरून तीनवर, तीनवरून दोनवर आणि दोनवरून पुन्हा चारवर रेघ ओढली.

कुणीतरी "अरे देवा" म्हणालं, हळूच. पहिल्या रांगेतले सर उभे राहिले. मला वाटलं, ते बाहेर निघाले. पण त्यांनी श्रोत्यांकडे तोंड केलं.

"हे मी चार वेळा तपासलं होतं," ते म्हणाले. "नोंद घ्या."

आणि ते खाली बसले. मग तिनं बटण दाबून पुढची फ्रेम उघडली, आणि मथळा कंसासकट वाचायला सुरुवात केली.