आधी रोल नंबर, मग नाव

अक्षदाने परीक्षेच्या प्रश्नाची चिठ्ठी उघडली. ‘विद्यार्थ्याचा रोल नंबर घ्या, मग पूर्ण नाव घ्या, दोन्ही छापा.’ गेल्या वर्षी ह्याच चिठ्ठीने तिचं ‘सी’ या कॉम्प्युटरच्या भाषेचं प्रॅक्टिकल बुडवलं होतं. आज पुन्हा बुडालं तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, आणि काळाचौकीला घरी जाऊन ते बाबांना सांगायचं.

खरं तर प्रोग्रॅम शेंबडं पोरही लिहील असा. पण परळच्या त्या लॅबमध्ये तो लिहिला होता कुणी? मेघना मॅडमनी सांगायचा आणि पोरांनी जर्नलात उतरवायचा, झालं. त्या जर्नलात नाव आधी होतं, नंबर नंतर.

अक्षदाने जर्नलातल्या त्या ओळींची अदलाबदल केली आणि प्रोग्रॅम चालवून पाहिला. १७ टाकून एंटर दाबलं. पडद्यावर ‘नाव:’ आलं आणि ती काही टाइप करायच्या आत प्रोग्रॅम संपलासुद्धा. नंबर १७, नाव कोरं. गेल्या वर्षी तिने मशीनला दोष दिला होता. तेव्हा बदलून दिलेल्या मशीननेही हेच केलं होतं. आता कुणावर ढकलणार?

दुसऱ्यांदा टाकताना घाईत १७ च्या पुढे चुकून k दाबला गेला. छापून आलं: नंबर १७, नाव k.

ती बघतच राहिली. नंबर वाचणाऱ्या scanf ने आकडे तेवढे उचलले होते आणि बाकीचं तिथेच टाकलं होतं. पुढच्या, एंटरपर्यंतची ओळ वाचणाऱ्या fgets ने ते उरलेलं नाव म्हणून घेतलं. म्हणजे मघाशी मागे राहिलं होतं ते एंटर, आणि त्यालाच fgets रिकामी ओळ समजला. तिने मध्ये एकच अक्षर वाचणारं getchar() घातलं, ते एंटर गिळायला. प्रोग्रॅम नावापाशी थांबला. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बाहेरून आलेले परीक्षक, अभय सर, शेजारी येऊन बसले. त्यांनी १७ टाकलं, मग एक स्पेस, मग एंटर. नाव पुन्हा कोरं. सरांनी पेनाचं टोपण काढलं.

“सर, दोन मिनिटं द्या. मी एकच अक्षर खाल्लं, तुम्ही दोन ठेवलीत, स्पेस आणि एंटर.”

सरांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. तिने लूप लिहिला: एंटर सापडेपर्यंत एकेक अक्षर वाचून टाकून द्यायचं. बोटं चुकत होती, अर्धविराम दोनदा राहिला.

सरांनी १७ पुढे चार स्पेस मारल्या आणि एंटर दाबलं. ‘नाव:’ आलं. कर्सर लुकलुकत उभा राहिला.

“टाक तुझं नाव,” सर म्हणाले.

तिने अक्षदा कुशाबा परब असं पूर्ण नाव टाकलं. ते जसंच्या तसं छापून आलं.

“हे जर्नलात नाहीये.”

“नाही सर. जर्नलात नाव आधी आहे, तिथे नावाच्या आड एंटर येतच नाही.”

सरांनी तक्त्यात काहीतरी लिहून सही केली. “जा आता. पुढच्या वर्षी इथे दिसू नकोस मला.”

तिने पडद्यावरचं आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि ती उठली.