जावयाच्या नावाची नोटीस

लिफ्ट दुरुस्त करण्यात मिस्त्रींचं आयुष्य गेलं, पण कागदावर चार ओळी लिहिताना त्यांना एवढा घाम कधी फुटला नव्हता. अहवाल होता प्रोबेशनवरच्या माणसाचा, आणि तो माणूस म्हणजे त्यांचा सख्खा जावई. आपलेच दात आणि आपलेच ओठ!

नोकरीला वशिलाही त्यांचाच. जावई मशिनच्या खोलीत वायरिंग करायचा तेव्हा बघत राहावं असं काम. पण लिफ्टच्या टपावर उभं राहून वर जायचं म्हटलं, की त्याची पाचावर धारण बसायची. एकदा तर तो मधेच थिजला. दोरी घट्ट धरून डोळे मिटून बसला, आणि मिस्त्रींनी बोलत बोलत लिफ्ट हळूहळू खाली आणली. त्यानंतर वरची कामं सासराच गुपचूप करू लागला. घरात कुणाला पत्ता नाही.

आता प्रोबेशन संपत आलेलं. चांगला शेरा दिला, तर पुढे पोरगा एकटाच वर जाणार. वाईट दिला, तर लेक आयुष्यभर तोंड बघणार नाही. रागावली तरी चालेल, पण कपाळ पांढरं व्हायला नको, असं मनाशी म्हणत त्यांनी खरं ते लिहिलं.

ऑफिसातल्या बाईंनी जावयाला खुर्ची दिली आणि नोटीस वाचून दाखवली. "उंचीवरील देखभालीच्या कामासाठी आपण योग्य नसल्याचे आढळले. नियुक्तीपत्रातील अटीनुसार आपली सेवा तीस तारखेला समाप्त होईल. हत्यारे व ओळखपत्र परत केल्यावर त्या दिवसापर्यंतचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे बँकेत जमा होतील."

मिस्त्री दारात उभे होते. हा आता आपल्यावर भडकणार, असं त्यांना वाटलं.

जावयाने पोच म्हणून सही केली आणि विचारलं, "बाई, खाली लिफ्टच्या पॅनेलचं वायरिंग करतात त्या वर्कशॉपात कधी जागा निघाली, तर मी अर्ज केला तर चालेल?"

"का नाही? ही काही बेशिस्तीची नोटीस नव्हे. उंची जमत नाही, एवढंच म्हटलंय. हात तुमचे चांगलेच आहेत, कुणी विचारलं तर मी तेच सांगेन."

बाहेर आल्यावर बायकोला नोटिशीचा मेसेज टाकून जावई म्हणाला, "मामा, आज कितीतरी दिवसांनी मला नीट श्वास आला बघा."

"अहो जावईबापू, आधी बोलायचं ना!"

"तुम्ही नोकरी लावलेली. कुठल्या तोंडाने बोलणार?"

इतक्यात मिस्त्रींचा फोन वाजला. लेक होती.

"बाबा, अहवाल तुम्हीच लिहिला ना?"

"हो गं. मीच."

"रोज झोपेत दचकून दोरी शोधतात हो ते. मला वाटलं, त्यांची भीती तुम्हाला दिसतच नाही. संध्याकाळी त्यांच्याबरोबर इकडेच या जेवायला."