पिवळ्याला पिवळी

माझ्या काउंटरवर सुटी गोळी आणून ठेवली की माझं डोकं फिरतं. सांगून ठेवते. विसरवाडीच्या स्टँडसमोर अकरा वर्षं मेडिकल चालवतेय आणि अकरा वर्षं तेच ऐकतेय, "ताई, ती पांढरी द्या ना, गोल, बारीक." अरे बाबा, निम्मं दुकान पांढरं, गोल आणि बारीक आहे!

तर त्या बुधवारी सकाळी कय्युमचाचा आले. आमच्या गल्लीतले टेलर. बटणाच्या बाबतीत या माणसाचा हात कुणी धरणार नाही. तुमच्या जुन्या सदऱ्याचं एक बटण तुटलं, तर डब्यातल्या हजार बटणांतून जोडीचं बटण डोळे किलकिले करून काढतील, आणि वर "दखा, फरक दखाडा!" म्हणून पैज लावतील. त्यांनी खिशातून कागदाची घडी काढली, उलगडली. आत एक पिवळी, गोल, चपटी गोळी.

"ताई, हाई कोनती शे, जरा दखा बरं. खाले पडेल व्हती."

"पट्टी कुठंय?"

"पट्टी कशाले? मी फोनमा फोटो टाका, त्यानी सांगं, फॉलिक ॲसिड. मन्ही सूननी गोळी. तुम्ही फक्त हो म्हना, म्हंजे डबामा टाकी देस."

सून म्हणजे लायबा. लग्नाला सहा वर्षं झाली, आणि आता कुठं दिवस राहिलेत, अडीच महिने झालेत. सगळी गल्ली जीव मुठीत धरून बसलीय. चाचा तर रस्त्यानं चालताना हसतात एकटेच. तिच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी माझ्याकडूनच जाते. पिवळी, गोल, चपटी.

खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. गिऱ्हाईक उभं, गोळी तीच दिसतेय, फोनही तेच म्हणतोय. पण हात सवयीनं चिमट्याकडे गेला आणि मी गोळी उलटी केली.

खालच्या बाजूला काहीतरी कोरलेलं होतं.

भिंगाखाली धरली. दोन बारीक अक्षरं, कडेला झिजलेली. लायबाच्या गोळीवर काहीच नसतं, दोन्ही बाजू कोऱ्या. चाचांनी फोटो काढला होता वरच्या, कोऱ्या बाजूचा. फोन बिचारा काय सांगणार? त्याला पिवळं दिसलं, गोल दिसलं, त्यानं ठोकून दिलं. तसंही आपल्याकडच्या कितीतरी गोळ्यांवर काहीच छापलेलं नसतं, आणि असलंच तरी तीच अक्षरं दुसरीकडे कुठं दुसऱ्याच औषधावर असतात.

"चाचा, घरात आणखी पिवळी गोळी कुणाची आहे?"

"नईमानी. सांधानी."

नईमाचाचींची सांध्याची गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच, फक्त सोमवारी, तीन गोळ्या. रोज घेतली तर धडधाकट माणूस आडवा होईल. आणि पोटुशीला? पोटुशीनं तिला हातसुद्धा लावायचा नसतो. पोटातलं मूल जातं तरी, नाहीतर व्यंग घेऊन येतं.

पण अजून मी नुसती घाबरले होते, मला कळलेलं काहीच नव्हतं. दोन अक्षरांवरून कुणाच्या घरात आग लावायची नाही. कॉम्प्युटरवर चाचींचं बिल काढलं. शनिवारी बारा गोळ्या दिलेल्या, बॅच नंबर समोर. त्याच बॅचची पट्टी कपाटात होती. हातमोजा चढवला, त्यातली एक गोळी फोडून कागदावर शेजारी ठेवली. तोच रंग, तीच जाडी. उलटी केली. तीच दोन अक्षरं, त्याच जागी.

"चाचा, ही लायबाची नाही. ही चाचींची आहे."

"कसं व्हई? मी आज सकाळे सगळ्या पट्ट्या फोड्यात ना! बटनना डबामा खाने शेत, पांढरी एक खानामा, पिवळी एक खानामा..."

"पिवळ्या सगळ्या एकाच खान्यात?"

"मंग! सारख्याच त्या. मन्ही नजर कधी चुकस का?"

अरे देवा! या माणसानं घरातली औषधं बटणांसारखी लावली होती! मी ओरडलेच. "आणि पट्ट्या?"

"चुल्हामा जाळ्यात. कचरा कशाले ठेवाना?"

"लायबा कुठंय?"

"ती धानोराले चालनी, मायकडे. पंधरा दिवसनी पुडी बांधी दिधी मी तिले." चाचांनी स्टँडकडे बोट केलं. "नंदुरबारनी मोटर... आतेच लागेल व्हई."

मी समोर बघितलं. स्टँडवर नंदुरबारची गाडी उभी होती आणि कंडक्टर दार ओढत होता.

शटर नाही, चप्पल नाही. मी अशी सुटले की काय सांगू! हायवेवरचा ट्रक माझ्या नावानं शंख करत गेला. मागून चाचा, "लायबा, वो लायबा!" करत. फोन लावायचा तर तिचा फोन पिशवीत, आवाज बंद. गाडीनं गिअर टाकला. मी पत्र्यावर दोन्ही हातांनी धडाधडा बडवलं. "थांबवा हो! थांबवा!" ड्रायव्हरनं मला कचकचीत शिवी घातली, पण ब्रेक दाबला, म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याला चहा पाजला.

लायबा तिसऱ्या सीटवर होती. मांडीवर पाण्याची बाटली, झाकण उघडं. माझा अवतार बघून तिचे डोळे मोठे झाले.

"लायबा, अब्बांनी दिलेल्या पुडीतली पिवळी गोळी घेतलीस?"

ती घाबरून खिडकीकडे सरकली. मी पुडी तिच्या हातातून अक्षरशः ओढली, तिथंच सीटवर कागद पसरला आणि मोजा घातलेल्या बोटानं एकेक पिवळी गोळी उलटी करत गेले. गाडीतली माणसं माना काढून बघताहेत. अक्षरांची एक. कोरी. कोरी. अक्षरांची दुसरी. असं करत पुडीत अक्षरांच्या पाच निघाल्या.

"चाचा, डबा! डब्यात बघा!"

चाचा घरी पळाले आणि अख्खा डबा घेऊनच आले. पिवळ्या खान्यात आणखी दोन. चाचांनी काउंटरवर आणलेली ती एक. आठ. बारांतून सोमवारच्या तीन गेल्या म्हणजे उरल्या पाहिजेत नऊ. पुन्हा बघितल्या. आठच.

"एक कमी आहे," मी म्हणाले. चाचांनी गाडीचा दांडा धरला. कंडक्टरनं ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितलं.

तेव्हा लायबानं उजवी मूठ पुढं केली. इतका वेळ ती तशीच आवळलेली होती. उघडली. तळहात घामानं ओला, त्याच्यावर पिवळा डाग, आणि मधोमध गोळी. मी चिमटीनं उचलली, उलटी केली. दोन अक्षरं.

नऊ!

"तोंडात टाकणारच होते," ती म्हणाली, "तेवढ्यात तुम्ही पत्रा वाजवला."

मला हसू येत होतं की रडू, मलाच कळेना. मी बाटलीतलं सगळं पाणी तिच्या हातावर ओतलं, साबण मागितला, सीट ओली केली, कंडक्टरवर उगाच खेकसले. तिच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. पोटात काही गेलेलं नाही म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, हात नीट धुवा, नवी पट्टी द्या. सुट्या निघाल्या त्या सगळ्या, कोऱ्यासुद्धा, मी परत घेतल्या. पट्टीबाहेरच्या गोळीचा भरवसा मी देत नाही.

"अगं पण घेताना एकदा बघायचं नाही का?" मी तिच्यावर ओरडले. कुणावर तरी ओरडायचंच होतं मला.

लायबानं सासऱ्याकडे पाहिलं. "अब्बांनी निवडून दिली होती ना," ती म्हणाली, "म्हणून बघितलीच नाही."

चाचा गाडीच्या पायरीवर मटकन बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.