टोपीतलं घड्याळ

"दोरीपलीकडे गेलीस." पोहणं शिकवणाऱ्या प्रकाश सरांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

तळ्याच्या नकाशावर माझी लाल रेघ होती, पोहताना मनगटावरच्या घड्याळानं काढलेली. रेघ कसली, कोंबडीनं उकरलेला उकिरडा! नारिंगी फुग्यांच्या दोरीपलीकडे पाणी सोडायचं दार आहे, तिथे जायची सक्त बंदी. आणि माझे कितीतरी ठिपके नेमके तिथेच पडले होते.

"सर, मी नाही गेले! आणि हे बघा, एक ठिपका काठावरच्या पेरूच्या बागेत आहे. मी काय झाडावर चढून पोहले?"

माझी मैत्रीण तन्वी खिदळली. सर हसले नाहीत. "घड्याळ तुझं, रेघ तुझी. दोरी ओलांडली की वर्षभर तळं बंद, नियम आहे. तरी पुढच्या रविवारी एक संधी देतो. त्याच संध्याकाळी कोकणातल्या समुद्रस्पर्धेची यादी जाणार. न थांबता किमान तीन किलोमीटर, सगळं दोरीच्या आत."

तीन किलोमीटरचं मला काहीच वाटलं नाही. त्या उकिरड्याखाली लिहिलं होतं ३.१५, आणि ते माझं अख्ख्या वर्गाला सांगून झालं होतं! प्रश्न फक्त दोरीचा होता.

बाबा सॉफ्टवेअरमधले. म्हणाले, "डेटा कशाला खोटं बोलेल, रसिका?" म्हणजे मी खोटं बोलते. घर, शाळा, तळं, कुठेही जा, माझ्याविरुद्ध माझंच घड्याळ साक्ष द्यायला बसलेलं.

पाचव्या दिवशी मी विद्यानगरच्या आमच्या गच्चीवर बादली नेली. मनगटावरचं घड्याळ पाण्यात बुडवायचं, क्षणभर बाहेर काढायचं, परत बुडवायचं, असं करत बादलीसकट सरळ रेषेत चालले. बाबा दारात उभे राहून बघत होते.

"वेड लागलंय का?"

"रेघ बघा आधी."

रेघ शेजारच्या दिलीपकाकांच्या गच्चीवर जाऊन आली होती! मग घड्याळ डोक्यावर, पोहायच्या टोपीखाली ठेवून तशीच चालले. रेघ सरळ.

बाबांनी चष्मा पुसला. "पाण्यातून उपग्रहाचा सिग्नल येत नाही. हात वर आला की घड्याळाला जेमतेम अर्धा सेकंद आकाश दिसतं. तेवढ्यात ते अंदाजानं ठिपका टाकतं, तो इकडेतिकडे पडतो. मग ठिपके जोडले की दातेरी रेघ."

"आणि डोक्याचा मागचा भाग बहुतेक वेळ पाण्याबाहेरच असतो," मी म्हटलं. "म्हणजे मी खोटी नाही."

"नाहीस." सॉरी मात्र नाही म्हणाले. असो.

रविवारी तन्वीनं मला तिचं घड्याळ दिलं. ती मागच्या आठवड्यात दोरीपासून लांबून पोहून ३.०४ करून यादीत बसलेली. माझं घड्याळ मनगटावर, तिचं टोपीत, डोक्याच्या मागे. दोरीच्या आतून मागच्या वेळेइतक्याच फेऱ्या मारल्या. खांदे पेटले होते, पण आत नुसता आनंद. आता सुटले!

बाहेर येऊन दोन्ही रेघा शेजारीशेजारी लावल्या. मनगटाची रेघ परत दोरीबाहेर गेलेली. टोपीची गुळगुळीत, सगळी आत.

मग खालचे आकडे बघितले. मनगट ३.२१. टोपी २.६८.

आधी कळेचना. मग एकदम कळलं. रेघ जितकी वाकडी, तितकी लांब. म्हणजे ते ३.१५ मी पोहलेच नव्हते, घड्याळानं वेडंवाकडं फिरून भरलं होतं. मनगटाचं दाखवावं तर तळं बंद. टोपीचं दाखवावं तर स्पर्धा गेली. दोन्हीकडे दोरीच!

तन्वी ओणवी होऊन बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला. "ए रसिके, माझं ३.०४ पण मनगटाचंच आहे."

"हो."

"टोपीचं नको ना दाखवू. गळ्याशपथ. तुझं तर असंही गेलंच, मग माझं कशाला?"

"मग मी दोरीबाहेर गेले असं मान्य करू?"

"एका वर्षाचा तर प्रश्न आहे!"

"माझं वर्ष आहे ते, तन्वी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. सर चालत येताना दिसत होते, आणि दोन्ही घड्याळं माझ्या हातात होती. घड्याळ तिचं, ती खुशाल ओढून घेऊ शकली असती. तिनं ओढलं नाही.

मी दोन्ही रेघा सरांना दाखवल्या. बादलीचंही सांगितलं.

सरांनी दोन्ही रेघा मोठ्या करकरून बघितल्या. "हौ," ते शेवटी म्हणाले. "तळं तुला खुलं. स्पर्धा नाही." मग थांबून, "आणि मनगटावर मोजलेले बाकीचे सगळे परत पोहतील. आत्ताच. तन्वी, तू पहिली."

तन्वीनं टोपी चढवली. मी तिच्या मागे जाऊन घड्याळ टोपीत सरकवलं, काच आकाशाकडे करून. तिनं मान जराही वळवली नाही.

"घट्ट बसलंय?" मी विचारलं.

ती पाण्यात उतरली.