मुठीतला दगड

ओर्क जिथे बसून चकमक फोडायचा, ती जागा अजून तशीच होती. तिन्ही बाजूंना कपच्यांचा सडा आणि मधे दोन मांड्यांएवढी मोकळी जमीन. माणूस गेला, पण बसलेलाच राहिला. त्याने निम्मा फोडलेला दगडही तिथेच पडून होता. मेलेल्याने सुरू केलेला दगड दुसऱ्याने फोडायचा नाही, त्यात त्याचा हात असतो.

तेवा, त्याची बायको, त्या जागेला वळसा घालून जायची. पण तिची खरी भीती वेगळी होती. कपारीच्या मागच्या कोपऱ्यात ओर्कला दगडांखाली निजवलं होतं. पानगळीपासून रोज दिवस कलला की तिथून आवाज यायचा. ठक्. ठक्. ती सासूला विचारायची, "आत्याबाई, ऐकलंत?" मूना म्हणायची, "वारा असेल."

बाकीची माणसं रेनडियरच्या मागे गेली होती. मागे या दोघी आणि तेवाची दीड महिन्याची पोर. पोरीला नाव नव्हतं. पहिला हिवाळा निघेपर्यंत कुणी नाव वाया घालवत नसे.

त्या दुपारी कपारीच्या ओठावरचा बर्फ सुटला आणि नेमका चुलीवर कोसळला. दोघींनी हातांनी उपसला, पण खाली नुसता काळा चिखल.

"जळलं मेलं नशीब!" मूना म्हणाली. "आता जळायलाही आग नाही."

पोर आधी रडली, मग रडायची थांबली. तेवाने तिला चामड्याआत छातीशी धरलं. पाय बर्फासारखे.

"ओर्कचा पिवळा, आगीचा दगड लागेल," मूना म्हणाली आणि शिंगाचा तुकडा घेऊन कोपऱ्याकडे निघाली. एका मुठीत चकमक, दुसरीत आगीचा दगड देऊनच माणसाला निजवायचं, ही रीत. पलीकडे अंधार असतो. "आईने आपल्या लेकाची मूठ उघडली तर कोण काय बोलणार आहे?"

"नका उघडू," तेवा म्हणाली. "दगड तिथे नाहीये."

तिने गळ्यातल्या पिशवीतून दगड काढला. मुठीएवढा, जड, पिवळी झाक असलेला. आपली चोरी उघडी पडतेय, याचा विचारही तिला सुचला नाही.

मूना मागे वळली. "मग त्याला काय दिलंस?"

"चकमक. दोन्ही मुठींत चकमकच."

"का गं?"

"याला त्याच्या बोटांचा वास होता."

म्हातारीने हातातलं शिंग खाली टाकलं. "बये, चकमकीवर चकमक आपटली तर ठिणगी उडते ती फिकी. उडते न् विझते. जन्मभर आपटली तरी पेटवायच्या वाळक्या बुरशीला धरत नाही." मग हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणून रोज आपटतोय होय माझा पोरगा."

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

"रडू नंतर," मूना म्हणाली. "बुरशी खरवडायला धार आण."

चुलीपाशी ठेवलेली चकमकीची पाती चिखलात गेली होती. तेवा ओर्कच्या मोकळ्या जागेत जाऊन बसली. तिचे गुडघे बरोबर त्याच्या गुडघ्यांच्या जागी आले. तिने त्याचा निम्मा फोडलेला दगड मांडीवर तिरका धरला, वरची कड घासून बोथट केली आणि कडेच्या किंचित आत गोट्याने ठोका दिला. दगड खणखणीत वाजला. खालून जाडसर कपची सुटून तळहातावर आली. तिची कड तिने बारीक ठोक्यांनी टवके काढून दणकट केली. त्या तासणीने बर्चच्या झाडावरची वाळकी बुरशी खरवडली, तसा मऊ भुसा साठला.

मग त्याच कडेने पिवळ्या दगडावर खाली घसटत प्रहार. एक, दहा, वीस. गंधकाचा वास सुटला, ओर्कच्या बोटांचा वास. लालभडक ठिणग्या पडू लागल्या, आणि एक भुशात रुतून राहिली. काळा ठिपका, कडेने लाल. मूनाने तो सुक्या गवताच्या घरट्यात ठेवला आणि हळूहळू फुंकला. धूर, अजून धूर, मग जाळ.

पोरीने शेकत शेकत टाहो फोडला. इतकं गोड रडणं तेवाने ऐकलं नव्हतं.

"आता त्याचं त्याला दे," मूना म्हणाली.

"आणि पुन्हा आग गेली तर? आत्याबाई, हिला नाव मिळायचंय अजून."

मग मूनानेच पिवळा दगड सपाट शिळेवर ठेवला आणि गोटा उचलून तेवाच्या हातात दिला. एकाच घावात त्याचे दोन तुकडे झाले, आतून लखलखीत. एक तेवाने पिशवीत टाकला. दुसऱ्यासोबत चिमूटभर कोरडी बुरशी घेऊन तिने हात ओर्कवरच्या दगडांच्या फटीत कोपरापर्यंत घातला. गार मूठ लागली. तिने दोन्ही तिथे ठेवलं.

"उशीर झाला रे," ती म्हणाली.

दिवस कलला. दोघी चुलीपाशी बसून कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

ठक्.

ठक्.

मग आवाज थांबला, तो कायमचा. मूनाने डोळे पुसले आणि जळणातलं अजून एक हाड चुलीत सारलं.