जोडी क्रमांक एक

शाळेत ज्यांनी यमक शिकवलं, त्यांच्यावर माझा राग आहे. 'फूल' आणि 'झूल' म्हटलं की झालं यमक, असं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या डोक्यात भरलं आणि ती पोरं मोठी होऊन, टकलं पडून, दर रविवारी माझ्या दुकानात येऊन बसतात.

माझं चष्म्याचं दुकान. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढतो, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याखाली खुर्च्या मांडतो आणि आमचं साहित्य मंडळ भरतं. एकोणीस वर्षं झाली. आम्ही फक्त यमकच करतो, पण खरं यमक. तीच अक्षरं, त्याच क्रमाने, दोनदा यायला हवीत आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा हवा. 'फूल–झूल' हा नुसता शेवटचा ताल झाला. आमच्या दारात तो चपलांबरोबर बाहेर ठेवायचा.

मंडळाचे नियम दोन. पहिला, ओळी फक्त ऐकवायच्या, तेही दोनदा. कागद कोणाला द्यायचा नाही. ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी दोन्ही अर्थ आपणहून सांगितले, तर पास. दुसरा नियम, एकदा वापरलेली जोडी पुन्हा कोणी वापरायची नाही. जोड्यांची वही माझ्याकडे असते. क्रमांक, शब्द, दोन अर्थ, ओळी, सगळं त्यात. आजवर चारशे सव्वीस जोड्या झाल्यात. माझ्या पाठीमागे सगळे मला 'वही-पोलीस' म्हणतात. म्हणू देत.

तर यंदा मंडळाने ठरवलं की वहीतल्या निवडक शंभर जोड्यांचं पुस्तक काढायचं. छापखान्याला सोमवारी शेवटचं प्रूफ द्यायचं होतं. पहिल्या पानावर जोडी क्रमांक एक. ती आमच्या हिची. हिने आयुष्यात लिहिलेल्या दोन ओळी. हिने बहिणीला फोन करून सांगितलं होतं, "पहिल्या पानावर मी आहे गं!" नवी साडीसुद्धा काढून ठेवली होती. आणि मी मात्र ते प्रूफ हातात आलं की पहिलं पान पटकन उलटायचो. का, ते कळेलच.

त्या रविवारी सुरुवातच वैतागाची झाली. औषधाच्या दुकानवाल्यांनी ऐकवलं:

"गर्दीत उभा मी, हाती हार,
सांगा, कोणाला देऊ मी हार?"

मी म्हटलं, "छान. दुसरा हार कुठला?"

"म्हणजे पराभव पण आणि फुलांचा पण. दोन्ही!"

"अहो, पण दोन्ही ओळींत दोन्ही अर्थ बसतात! एकाच शब्दातून दोन अर्थ काढलेत की तो श्लेष. यमकात शब्द दोनदा येतो आणि प्रत्येक जागी आपापला एकच अर्थ घेऊन येतो. कितीदा सांगू? जीभ झिजली माझी!"

"मग पुढच्या वेळी," ते हसत म्हणाले. त्यांना राग म्हणून येत नाही. सात वर्षांत त्यांची दोन पास झाली आणि बावीस परत गेली. तरी येतात.

मग नर्सबाईंनी ऐकवलं:

"दोघेच घरात, नाही कारण,
तरी रोज पेटते का रण?"

दुसऱ्यांदा ऐकवल्यावर लोकांच्या कानांनी बरोबर जागेवर कात्री चालवली. पहिलं 'कारण' अखंड, दुसऱ्यात 'का' वेगळा आणि 'रण' वेगळं. शब्द तोडून केलेलं यमक. बोलताना मध्ये फट पडू द्यायची नाही, हेच त्यातलं कसब, आणि बाईंनी ते सांभाळलं. मी क्रमांक चारशे सत्तावीस घातला. जरा बरं वाटलं.

शेवटी बसताई उठली. ती शहरबस चालवते. ड्यूटी संपवून गणवेशातच येते. वर्षभरात तिची पाच परत गेली होती आणि त्यातली तीन जोडी आधीच वापरलेली म्हणून. तिने चार महिने घालवून हे केलेलं. पास झालं, तर पुस्तकात शेवटचं पान तिच्यासाठी मोकळं होतं. तिने स्टिअरिंग धरल्यासारखी खुर्चीची पाठ धरली आणि म्हणाली:

"गाडी पळते पुढे पुढे अन् रस्ता राही मागे;
खिडकीमधले पोर बिलंदर अजून फेरी मागे."

नर्सबाई लगेच म्हणाल्या, "पहिलं मागे म्हणजे पाठीमागे. दुसरं म्हणजे मागतं, हट्ट करतं." औषधवाल्यांनी मान डोलावली. चोख होतं.

"जोडी वापरलेली आहे," मी म्हटलं.

"मागे–मागे?" बसताई रडकुंडीला आली. "काका, कोणी वापरली हो? मी सगळ्यांना विचारून घेतलं होतं!"

"क्रमांक एक. पाठीमागे आणि मागणे. वहीत आहे."

"वाचून दाखवा ना. निदान कळू दे, कोणामुळे गेलं ते."

मी वही उघडली नाही. उघडायची गरजच नव्हती. तेवढ्यात ही आतून चहाचा ट्रे घेऊन आली. आमचं घर दुकानाच्याच मागे आहे. हिने ऐकलं आणि गालातल्या गालात हसत म्हणाली, "माझ्यामुळे गेलं गं तुझं. वाचा ना हो, वाचा." एकोणीस वर्षांत त्या ओळी कोणी मोठ्याने वाचल्या नव्हत्या. शेवटी मी वही उघडून वाचल्या:

"दुकान पुढे, घर मागे;
तुम्ही पुढे, मी मागे."

मी दुसऱ्यांदा वाचल्या. नियम आहे.

औषधवाले चष्मा पुसायला लागले. बसताई बिचारी सरळ पोरगी, तिच्या तोंडून निघून गेलं, "काका, यात दुसरं मागे मागतं कुठे? दोन्ही पाठीमागेच आहेत की."

"मी मागे, म्हणजे मी मागते!" मी एकदम आवाज चढवला. "दुकानात गिऱ्हाईक मागतं, घरात बायको मागते, त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

"मी काही मागत नाहीये त्यात," ही म्हणाली. ट्रे अजून तिच्या हातातच होता. "दुकान पुढे आहे, घर मागे आहे. तुम्ही पुढे असता, मी मागे असते. एवढंच लिहिलं होतं मी. मागणे कोणी लिहिलं?"

मी लिहिलं होतं. मंडळाचा पहिला रविवार होता तो. चारच माणसं जमली होती. हिने चतकोर कागदावर दोन ओळी आणल्या. कागदाची तीनदा घडी घातली, तीनदा उलगडली. मी ऐकलं. दोन्ही जागी तोच शब्द, तोच अर्थ, म्हणजे साधी पुनरावृत्ती. मग हिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "वा! पास." कोणाला अर्थ विचारलाच नाही. रात्री वहीत दोन अर्थांच्या रकान्यात एक मी माझ्या मनाने घालून टाकला. वाटलं, कोणाचं काय जातंय. आणि त्याच वहीच्या जोरावर मी पुढची एकोणीस वर्षं लोकांवर डाफरत आलो. लाज वाटली मला, दुसरं काय.

"राहू दे काका," बसताई घाईघाईने म्हणाली. "काकूंचं राहू दे. मी दुसरं करीन. पुस्तक आलंय तोंडावर."

"हो, म्हणजे आता ऐन वेळी प्रूफ..." मी तो धागा पटकन धरला.

"काही राहू द्यायचं नाही," ही म्हणाली. तिने ट्रे काउंटरवर ठेवला. "खोडा ते. आणि हिचं पास झालंय. दोघांनी अर्थ सांगितलेत. जोडी कोणी वापरलेलीच नाही. लिहा."

मी लाल पेन घेतलं. सगळ्यांसमोर क्रमांक एकवर आडवी रेघ मारली आणि चारशे अठ्ठावीसवर बसताईच्या ओळी लिहिल्या. पोरगी पास झाली, पण तिला धड हसताही येईना. चहा कोणी प्यायला नाही. सगळे दहा मिनिटांत पांगले.

मी खुर्च्या एकात एक घालत होतो. ही काउंटरजवळच उभी होती. मला वाटलं, रडेल. साडी, बहीण, पहिलं पान, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"अगं, तुला वाईट वाटलं असतं तेव्हा," मी म्हटलं. "त्या कागदाची तू किती वेळा घडी घातलीस."

"वाटलं असतं. दोन दिवस वाटलं असतं." तिचा आवाज चढला नाही, हेच मला जड गेलं. "तिसऱ्या दिवशी दुसरं लिहिलं असतं. त्या औषधवाल्यांना तुम्ही बावीस वेळा परत पाठवलंत. दर वेळी अर्धा अर्धा तास भांडता त्यांच्याशी. हा शब्द का नाही, तो का नाही. मी आतून ऐकत असते. माझ्याशी पाच मिनिटं तरी भांडलात का? वा, पास, आणि पुढचा माणूस. मला वाटलं, माझ्यात विचारण्यासारखं काही नसेल, म्हणून पटकन उरकलं. मग कशाला पुन्हा आणायचं? पास नाही केलंत मला. वाटेला लावलंत."

"तसं नव्हतं गं."

"तुमच्याकडून नसेल."

एकोणीस वर्षांचे रविवार. मी मोजायला गेलो नाही. माझ्या हातून एक चांगलं काम झालंय, असं मी इतकी वर्षं समजत होतो. सगळ्या परत पाठवलेल्या कवितांच्या ढिगात हे एकच काम मी प्रेमाने केलं होतं आणि नेमकं तेच चुकलं होतं.

तिने काउंटरवरचा ट्रे बाजूला सारला. मग म्हणाली, "ऐका. आत्ता सुचलंय.

तुम्ही मला दिला नाही वेळ,
भिंतीवर चढून गेली वेल."

तिने ते दुसऱ्यांदाही म्हटलं. मग माझ्याकडे बघत राहिली. वा म्हणणं इतकं सोपं होतं! शब्द ओठांवर आलासुद्धा होता.

"नाही," मी म्हटलं. "ळ आणि ल. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात वेल. अक्षर बदललं. कानाला जवळचं वाटतं, पण हे यमक नाही. परत."

तिचा चेहरा पडला. खरंच पडला, ओठ दुमडले, डोळे भरले. ज्या चेहऱ्याला मी इतकी वर्षं घाबरलो, तो अखेर माझ्यासमोर होता. मी खुर्ची सरकवून आत जायला निघालो.

"थांबा, जाऊ नका," ती म्हणाली आणि माझ्या खिशातली पेन्सिल ओढून घेतली. "मग दुसऱ्या ओळीत काय घालू, ते सांगा. आणि नीट सांगा, त्यांना सांगता तसं."