पांढऱ्या भिंतीवरचे ओघळ

साहेबांनी मान तिरकी करून पडद्याकडे पाहिलं आणि नवव्या दिवशीही तेच सांगितलं, "पुठ्ठा दिसतोय."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. आर्किटेक्ट लोक इमारती कागदावर उभ्या करायचे आणि त्या बांधून झाल्यावर कशा दिसतील याची चित्रं ताई कॉम्प्युटरवर बनवायची. चौदा वर्षं हेच काम. काच, वीट, लाकूड, पाणी, सगळं तिच्या हातात होतं. पण या ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीने तिचा जीव मेटाकुटीला आणला होता. भिंत कॉर्टन पोलादाच्या पॅनेलांची होती. हे पोलाद रंगवायचं नसतं. उन्हापावसात गंजू द्यायचं, आणि वर धरलेला तो गंजच आतलं पोलाद राखतो.

नऊ दिवसांत तिने गंजाचे सहा रंग बदलले. ओघळ वाढवले, कमी केले. पृष्ठभाग खरखरीत केला. दर वेळी चित्र बनायला तीन तास, आणि साहेबांना नाक मुरडायला तीन सेकंद.

"नक्की काय खटकतंय, ते तरी सांगा," ती म्हणाली.

"ते मला कळलं असतं तर मीच काढलं नसतं का? गुरुवारी ग्रंथालयाच्या समितीपुढे जायचंय. नाही जमलं तर बाहेरून करून घेऊ. तसं स्पष्ट सांगा."

बाहेरून! चौदा वर्षांनी हे ऐकायचं. ताईने लॅपटॉप उचलला आणि ती घरी आली.

सासरे खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते. उभा जन्म त्यांनी पत्र्याच्या कारखान्यात काढलेला. तिचा चेहरा पाहून त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "दाखव बघू काय ते."

तिने दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, नाक पडद्याला लावलं.

"सूनबाई, याला कड कुठाय?"

"म्हणजे?"

"पत्रा कडेवरून ओळखतात. हा तर कागद चिकटवलाय नुसता. आणि हा ओघळ बघ. या पत्र्यावरून निघाला तो सांध्यावरनं उडी मारून थेट खालच्या पत्र्यावर. पाणी काय माकड आहे?"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. गंजाचं एकच चित्र तिने पुन्हा पुन्हा जोडून अख्ख्या भिंतीवर पसरलं होतं आणि सांधे म्हणून वर काळ्या रेघा ओढल्या होत्या. जाडी नाहीच. वर आणखी, दर चौथ्या पॅनेलवर तोच डाग, तिथेच. नऊ दिवस ती गंजाच्या रंगात डोकं खुपसून बसली होती, आणि चूक रंगात नव्हतीच. शिकाऊ पोरालाही शोभली नसती अशी चूक!

मग सासऱ्यांनी जुन्या पोस्टकार्डाच्या चारही कडा दुमडून तिला दाखवलं. पत्रा तीनच मिलिमीटर, पण कडा चाळीस मिलिमीटर मागे वळवायच्या, की तो जाडजूड दिसतो. वळणावर कोपरा धारदार नसतो, किंचित गोल असतो, आणि उजेड तिथेच पकडतो. दोन पॅनेलांमध्ये बोटभर उघडी फट. मागे जस्त चढवलेले ब्रॅकेट, पण पोलाद आणि जस्त एकमेकांना टेकू द्यायचं नाही, मध्ये नायलॉनचं वॉशर. बोल्ट स्टेनलेसचे.

"आणि ओघळ कुठून निघतो?" तिने विचारलं.

"पाणी जिथे थांबतं तिथून. बोल्टच्या डोक्याखालून, खालच्या दुमडीवरून. तिथे थेंब साचतो, जड होतो आणि पडतो."

दोन दिवस ताईने एकेक पॅनेल नव्याने घडवलं. प्रत्येकाला कड, प्रत्येकाला वेगळा गंज, बोल्टाखाली बारीक गडद रेघ. बुधवारी दुपारी चित्र बनून आलं आणि भिंत एकदम वजनदार झाली. हात लावला तर बोटाला तांबूस भुकटी लागेल अशी. ताईला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली.

पण थेंब दुमडीवरून पडतो, तो कुठे पडतो? खाली साहेबांची लाडकी पांढरी दगडी भिंत होती. पॅनेलं थेट तिच्या माथ्यावर. ताईने चित्रात पाणी खऱ्यासारखं वाहू दिलं, तर पांढऱ्या दगडावर तपकिरी ओघळ आले.

साहेब आले. "वा! आता कसं पोलाद वाटतंय! ताई, जिंकलंत." मग त्यांचं बोट खाली आलं. "हे डाग मात्र काढा."

"साहेब, ते पडणारच. पहिली दोन-तीन वर्षं तर भरपूर. आपल्या डोळ्यांच्या दवाखान्याचं काय झालं, आठवतंय ना?"

तो दवाखाना याच ऑफिसचा, दर्शनी भिंतही याच पोलादाची. त्याच्या चित्रातले डाग ताईनेच पुसले होते, साहेबांनी सांगितलं म्हणून. मागच्या महिन्यात सासऱ्यांना दाखवायला ती तिथे गेली, तेव्हा सफाईवाल्या मावशी पायऱ्यांवरच्या गंजाच्या डागांवर वाकून ब्रश घासत होत्या. "रोजचंच आहे हे," त्या म्हणाल्या, "कुणी बांधलं देव जाणे." ताईला तेव्हा मान वर करवली नव्हती.

"तुम्ही चित्र काढा," साहेब म्हणाले. "इमारत कशी बांधायची ते मी बघतो."

ताईने डाग पुसले नाहीत. नोकरी जाईल हे तिला कळत होतं, पण हात पुढे होईना.

गुरुवारी समितीपुढे चित्र मोठ्या पडद्यावर आलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "खाली हे तपकिरी काय आहे?"

साहेबांनी ताईकडे असं पाहिलं, की कच्ची खाऊ की भाजून. "चित्र काढताना झालेली चूक आहे. काढून टाकू."

"चूक चित्रात नाही," ताई म्हणाली. "भिंत अशी बांधली तर असंच होणार."

अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "मग उपाय काय?"

"पॅनेलं दगडी भिंतीच्या दीड वीत पुढे घ्यायची. खाली खडी भरलेला चर. थेंब खडीत पडेल, तिथून पाइपने निघून जाईल. दगडाला शिवणार नाही."

"हे तुमच्या नकाशात आहे?" बाईंनी साहेबांना विचारलं.

"अर्थातच," साहेब म्हणाले. डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही.

"मग दाखवा ना."

लॅपटॉप ताईच्या पुढ्यात होता. मान डोलावून 'नकाशा ऑफिसात राहिला' म्हटलं असतं, तर झालं असतं. साहेब तेवढ्यासाठीच तिच्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच विनंती होती. ताईला चौदा वर्षांची सगळी पुसापुशी एकदम आठवली.

तिने नकाशातला भिंतीचा उभा छेद उघडला, भिंत कापल्यासारखी आतून दाखवणारा. पडद्यावर पोलाद, त्याच्या खाली थेट पांढरा दगड. पुढे घेतलेलं काही नाही, चर नाही, खडी नाही.

"हा जुना नकाशा आहे," साहेब घाईने म्हणाले.

अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि कोपऱ्यातली तारीख मोठ्याने वाचली. ती कालची होती.

साहेब पाण्याचा ग्लास शोधू लागले. बाईंनी समोरची खुर्ची मागे सरकवली.

"ताई, इकडे पुढे येऊन बसा," त्या म्हणाल्या, "आणि तो चर कसा करायचा ते पुन्हा एकदा सावकाश सांगा."